मदत हवी आहे: उल्हास नदीच्या काठावरच्या वाहून गेलेल्या सळ्या हिशेबात कशा धरायच्या?

बदलापूरजवळ उल्हासच्या बाहेरच्या वळणावर काठ किती मागे सरकतो, ते मोजतोय. काठ साधारण अडीच मीटर उंच, वर चिकणमाती आणि पायथ्याला वाळू. जूनच्या सुरुवातीला ६० सेंमी लांबीच्या १२ सळ्या काठात आडव्या ठोकल्या, प्रत्येकीचं ५ सेंमी टोक बाहेर ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये सहाच सळ्या मोजता आल्या. सरासरी झीज ६ सेंमी. दोन ढासळलेल्या मातीखाली गाडल्या गेल्यात, त्या मेटल डिटेक्टरने सापडल्या. पायथ्याच्या चार मात्र गायब आहेत. भंगारासाठी कोणी उपटल्या असाव्यात असं वाटत नाही, कारण तिथे भोकंही उरलेली नाहीत.

माझी अडचण इथेच आहे. सहाच धरल्या तर उत्तर ६ सेंमी येतं, पण जिथे काठ सर्वाधिक गेला तीच ठिकाणं त्यातून गळतात. गायब सळ्यांना किमान ५५ सेंमी धरलं तर दहांची सरासरी सुमारे २६ सेंमी होते. काठापासून ८ मीटर आत रोवलेल्या खुंट्यांवरून टेपने माथ्याची कड मोजली, तर दोन रेषांवर १० ते १५ सेंमी आणि तिसरीवर एकदम १.३ मीटर! तिथे काठाचा अख्खा तुकडा कोसळलाय.

टोटल स्टेशन एकच दिवस मिळेल, ड्रोन नाही. मग पायथ्याची झीज आणि माथ्याची कोसळ वेगवेगळी नोंदवावी, की टोटल स्टेशनने उभे छेद घेऊन गेलेल्या मातीचं क्षेत्रफळच काढावं? आणि गाडलेल्या दोन सळ्या उकरून मोजाव्यात का?