उभ्या फोटोतून आडवा व्हिडिओ: डोकं वाचवायला रेशो बदलायचा की फोटो?

पदरकाठ:
मामाच्या साडीच्या दुकानातल्या टीव्हीसाठी छोटे व्हिडिओ करतेय. मॉडेलचा नऊवारीतला उभा फोटो आहे, 1000×1500, अंबाड्यापासून पावलांपर्यंत सगळी. कम्फीयूआयमध्ये वान 2.1 या फोटोतून व्हिडिओ करणाऱ्या एआय मॉडेलला तो फोटो देते आणि साइज ठेवते 832×480. व्हिडिओत मात्र छातीपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंतच येतं, डोकं गायब! रेशो बदलू की फोटोच बदलू?

शब्दप्रभू:
ताई प्रॉम्प्ट काय देताय ते सांगा आधी. ही मॉडेल्स डोकी कापतातच, एसडी 1.5 च्या वेळेपासूनचं रडगाणं आहे, ट्रेनिंगचे फोटोच चौकोनी कापलेले होते. मी तर कायम केसातला गजरा आणि पायातले जोडवे दोन्ही लिहितो, म्हणजे वरचं टोक आणि खालचं टोक दोन्ही दाखवायला त्याला फ्रेम मोठी करावीच लागते. तुम्ही पण लिहा, रेशोला हात लावायची गरज नाही.

खटपट्या:
गजऱ्याची युक्ती नुसत्या मजकुरावरून चित्र काढताना चालते, मीही वापरतो. पण इथे उपयोग शून्य, कारण डोकं मॉडेलपर्यंत पोचतच नाहीये. `WanImageToVideo` हा नोड तुमचा फोटो आधी सांगितलेल्या साइजमध्ये बसवतो आणि उरलेलं मधोमध धरून कापतो, कुठे काही विचारत नाही. हिशोब करा: रुंदी 1000 पूर्ण ठेवली तर 832×480 च्या प्रमाणात उंची येते 577, म्हणजे 1500 मधले 923 गेले, निम्मे वरून निम्मे खालून. वरचे 461 पिक्सेल उडाले. पूर्ण उभ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठवा भाग असतं, तुमच्या फोटोत वर थोडी जागा धरली तरी 50 ते 235 च्या दरम्यान. ते सगळंच त्या 461 मध्ये गेलं.

खात्री करायची तर व्हिडिओची पहिली फ्रेम बघा. पहिल्याच फ्रेममध्ये डोकं नसेल तर कापाकापी आधीच झालीय. पहिली फ्रेम ठीक आणि मग डोकं वर निघून जात असेल तर तो कॅमेऱ्याच्या हालचालीचा प्रश्न, तिथे शब्दप्रभूंचं प्रॉम्प्ट कामाला येईल.

शब्दप्रभू:
पण मी प्रॉम्प्टमध्ये हसरा चेहरा लिहिलं तेव्हा कॅमेरा वर गेला आणि चेहरा दिसला की राव, मग?

खटपट्या:
दिसला, पण कुणाचा? त्याला मूळ चेहरा दिलाच नव्हता, त्यानं स्वतःच्या मनानं एक बसवला. दुकानात मॉडेल येऊन बघेल तेव्हा म्हणेल ही कोण बाई.

फ्लेक्सवाले_भाऊ:
आमच्याकडे पण सेम!! वाढदिवसाच्या बॅनरला लोक उभा फोटो पाठवतात आणि म्हणतात आडव्यात घ्या, मग साहेबांचा फेटा कापला की रात्री फोन. आम्ही सरळ सांगतो की डोक्यावर चार बोटं जागा सोडून काढलेला फोटो द्या. प्रिंटरची सेटिंग बघा एकदा.

पदरकाठ:
भाऊ प्रिंट नाहीये, व्हिडिओ आहे 🙂 पहिली फ्रेम बघितली, डोकं नाहीच. मग मी आधी वेगळा `ImageScale` लावून त्यात `crop` चं `disabled` केलं, तर डोकं आलं पण बाई चपटी झाली, नऊवारीचा तंबू.

खटपट्या:
होणारच, तिथे कापत नाही म्हणजे दाबून बसवतो. रुंदीच्या मानाने उंची अडीच पटीहून जास्त दाबली गेली.

उभी_रील:
एवढी खटपट कशाला. 480×832 करा आणि मोकळ्या व्हा. तुमचा फोटो उभा, व्हिडिओ उभा. तेव्हा उंची पूर्ण राहते, दोन्ही बाजूंनी 67-67 पिक्सेल जातात फक्त, डोकं पाय सगळं शाबूत. जो रेफरन्सचा रेशो तोच आउटपुटचा, माझा हा नियम कधी फसला नाही. आणि टीव्ही आडवा असेल तर उभा टांगा, मॉलमध्ये नाही का लावत.

पदरकाठ:
मामा टीव्ही उभा टांगणार नाही, त्यावर क्रिकेट बघतो तो 😅 आणि पदर डाव्या बाजूला अगदी फोटोच्या कडेपर्यंत पसरलाय, 67 पिक्सेल गेले तर काठच जाईल.

जागा_भरा:
टीव्ही आडवाच राहू दे. फोटो 480 उंचीला आणा, रुंदी होईल 320. मग `Pad Image for Outpainting` मध्ये डावीकडे 256 उजवीकडे 256 द्या, झाले 832. ती बाजू इमेज मॉडेलने भरून घ्या, वाड्याची भिंत, तुळशीवृंदावन, काय हवं ते, आणि ती चौकट वानला द्या. मधोमध कापायला आता काही उरतच नाही. फक्त पट्टे काळे ठेवून देऊ नका, वान ते पट्टे इमानदारीने व्हिडिओभर तसेच ठेवतं.

खटपट्या:
हिशोब बरोबर आहे पण मला हा मार्ग पटत नाही. 480 उंचीत अख्खी उभी बाई बसवली की तिचं डोकं उरतं 59 पिक्सेलचं. मॉडेल आत चित्र आठपट लहान करून काम करतं, म्हणजे चेहऱ्याच्या वाट्याला सातेक घरं. त्यात डोळे, नथ, चंद्रकोर काय टिकणार? जरा मान वळवली की चेहरा वितळतो. डोकं वाचलं आणि चेहरा गेला, फायदा काय.

मी काय करेन: `ImageCrop` मध्ये `width` 1000, `height` 577, `x` 0, `y` 0. फोटोचा वरचा भाग धरला, त्यामुळे अंबाड्यावर थोडी मोकळी जागा ठेवून कमरेपर्यंतची फ्रेम मिळते. यात डोकं 154 पिक्सेलच्या आसपास येतं, म्हणजे अडीच पटीहून मोठं. खालचा काठ दाखवायला त्याच फोटोच्या खालच्या भागाचा दुसरा शॉट करा आणि जोडा.

जागा_भरा:
720p चं मॉडेल घ्या ना मग, चेहरा मोठा होईल.

खटपट्या:
1280×720 ला डोकं 89 पर्यंत जातं. बरं आहे, पण माझ्या 12 जीबी कार्डावर एका क्लिपला चहा, नाश्ता, आंघोळ सगळं होतं. पदरकाठताईंचं कार्ड कोणतं माहीत नाही.

उभी_रील:
म्हणजे फिरून फिरून फोटोच कापायला सांगताय. मग माझ्या रेशोने काय घोडं मारलं होतं?

खटपट्या:
काही नाही, फोनवर बघायचं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पदराला बाजूने थोडी जागा वाढवून. पण रेशो कुठे दाखवायचं त्यावर ठरतो, रेफरन्सवर नाही.

फ्लेक्सवाले_भाऊ:
बघा मी बोललो ते कुणी ऐकलं नाही. फोटोच नवीन काढा, मॉडेलला पाटावर बसवा. बसलेली बाई आडव्या चौकटीत छान बसते, चेहरा पण मोठा येतो आणि नऊवारीचा घेर पण पसरतो.

पदरकाठ:
हे खरंच चांगलंय भाऊ! पण या साड्यांचे फोटो झालेत आणि मॉडेल आता पुढच्या महिन्यात. तोवर बाजू भरून बघते.

गादीवरून:
मी कापडाच्या धंद्यात आहे, एआयमधलं कळत नाही. पण ते बाजू भरायचं म्हणताय ना, तुमचा पदर फोटोच्या कडेला टेकलाय. पुढचा पदर ते मशीन स्वतःच्या डोक्याने काढणार, बुट्टीही आपली नाही आणि काठही आपला नाही. गिऱ्हाईक टीव्हीकडे बोट दाखवून म्हणेल हीच साडी काढा. मामा कुठून काढणार?

जागा_भरा:
पदराच्या बाजूला आधी थोडी साधी भिंत…

गादीवरून:
पदर जिथे कापलाय तिथे लगेच भिंत? म्हणजे साडीला कात्री लावली.