मदत हवी आहे: लॉगिन मध्येच सुटतं, कुकी मात्र जागेवरच असते

वाचनवेडा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी पीएचपीमध्ये छोटी साइट केली आहे. उबुंटूचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर अपाची. ग्रंथपाल बाई जुनी दाखल नोंदवही समोर ठेवून एका पानाच्या पंचवीस-तीस नोंदी एकाच फॉर्ममध्ये भरतात आणि शेवटी "जतन करा" दाबतात. तोवर लॉगिन सुटलेलं असतं आणि अख्खं पान वाया जातं. कधी पंचवीस मिनिटांनी, कधी पन्नास. कोडमध्ये कुकीची मुदत 7 दिवस केली, `session.gc_maxlifetime` सुद्धा `ini_set`ने 14400 केलं. काही फरक नाही. काल बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा आमचं रजिस्टर बरं." काय चुकतंय?

चहाबाज

ब्राउझरच्या कुकीज साफ करा आणि परत लॉगिन करा. माझ्या बँकेच्या साइटवर असंच व्हायचं, दोन मिनिटं थांबलो की बाहेर.

वाचनवेडा

बँक मुद्दाम बाहेर काढते हो. इथे मला बाईंना आत ठेवायचंय.

कोडकरी_नाशिक

सेशनची भानगडच नको. जेडब्ल्यूटी टोकन द्या, सर्व्हरवर काही साठवायलाच लागत नाही. मुदत टोकनमध्येच लिहिलेली असते.

जुनाखोड

टोकनने हा त्रास जाईल, खरं आहे. पण उद्या बाईंचा फोन हरवला तर ते टोकन मुदत संपेपर्यंत चालतच राहील. रद्द करायचं तर रद्द टोकनांची यादी सर्व्हरवर ठेवा, म्हणजे फिरून तिथेच आलो.

वाचनवेडा, देवळाबाहेरचं चपलांचं स्टँड आठवा. हातात बिल्ला, चपला आत. तुमची `PHPSESSID` कुकी म्हणजे नुसता बिल्ला. बाई कोण आणि लॉगिन आहेत की नाही, हे सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असतं. तुम्ही बिल्ला 7 दिवस टिकेल असा केलात, पण आतल्या चपला कोणीतरी उचलतंय. खात्री करून घ्या. लॉगिन करा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकीची किंमत बघून ठेवा आणि सर्व्हरवर हे चालवा:

```
sudo ls -l /var/lib/php/sessions
```

`sess_` आणि पुढे तीच किंमत, अशी फाइल दिसेल. मग पानाला हात न लावता थोड्या थोड्या वेळाने बघत राहा.

वाचनवेडा

केलं. 11:02 ला लॉगिन. 11:10 ला फाइल होती, 11:30 लाही होती. 11:40 ला गायब! मग "जतन करा" दाबलं तर लॉगिनचं पान आलं, आणि त्याच नावाची फाइल परत दिसली, पण 0 बाइटची. कुकी तीच.

जुनाखोड

सापडला चोर. डेबियन-उबुंटूवर पीएचपी स्वतः झाडलोट करत नाही, तिथे `gc_probability` 0 असते. ते काम वेगळी स्क्रिप्ट करते, दर तासाच्या 9 आणि 39 व्या मिनिटाला. ती `php.ini` वाचते. तुमचं `ini_set` तिच्या गावीही नाही. `php.ini`त मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं. 11:09 ला तुमची फाइल सात मिनिटांची होती म्हणून वाचली, 11:39 ला सदतीस मिनिटांची झाली, गेली. पंचवीस आणि पन्नासचा घोळ यामुळेच.

आणि बाई टाइप करत असतात तेव्हा सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. पान उघडलं किंवा काही पाठवलं तरच फाइलची वेळ ताजी होते. `/etc/php/` खाली तुमच्या आवृत्तीच्या `apache2` फोल्डरातल्या `php.ini`मध्ये हे बदला, मग अपाची रीस्टार्ट करा. `cli` फोल्डरातली फाइल कमांड लाइनच्या पीएचपीची असते, वेबची नाही, तिथे बरेच जण फसतात.

```
session.gc_maxlifetime = 14400
```

कोडकरी_नाशिक

मग जावास्क्रिप्टने दर दहा मिनिटांनी सर्व्हरला एक रिकामी विनंती पाठवली तर? `php.ini`ला हातच लावायला नको.

जुनाखोड

चालेल, पण वाचनालयाचा संगणक सगळ्यांचा असतो. बाई जेवायला गेल्या आणि पान उघडं राहिलं, तर लॉगिन दिवसभर जिवंत. मी असं करणार नाही.

कोडकरी_नाशिक

चार तासांची मुदत दिली तरी जेवणाच्या सुट्टीत तेच होणार की. स्क्रीन लॉक करायची सवय लावा.

वाचनवेडा

`php.ini` बदललं. आज 52 मिनिटं पान तसंच ठेवून जतन केलं, सगळ्या 28 नोंदी गेल्या. म्हणजे साठवल्या गेल्या, घाबरू नका! शिवाय अर्धवट फॉर्म ब्राउझरच्या `localStorage`मध्ये ठेवायला सुरुवात केली आहे, वीज गेली तरी पान वाचेल. फक्त एक राहिलं: बाईंच्या फोनवर बरोबर आठव्या दिवशी लॉगिन सुटलं, आदल्या रात्री वापरत होत्या तरी.

जुनाखोड

आठव्या दिवशी बिल्लाच संपला. पीएचपी कुकीची मुदत पहिल्यांदा देताना ठरवतं, दर भेटीला वाढवत नाही. वाढवायची तर `setcookie`ने तीच कुकी पुन्हा पाठवावी लागेल. पण रोज चार तासांहून जास्त वेळ फोन बाजूला असणार, मग सात दिवस लॉगिन टिकलंच कसं? फाइल तर आधीच जायला हवी होती. फोनसाठी "लक्षात ठेवा"चं वेगळं काही लिहिलंय का?

वाचनवेडा

मी नाही. लॉगिनचं पान माझ्या आधी काम करणाऱ्या मुलाने लिहिलंय. रात्री उघडून बघतो.