मदत हवी आहे: गाडीत भरभरून बोलली, आता 'हो'च्या पुढे जात नाही

पायलट: महाराष्ट्र एक्सप्रेस. आरएसीमुळे एकाच साइड लोअरवर दोघं. पुण्यापासून रात्रभर गप्पा, चिडवाचिडवी. आता व्हॉट्सअ‍ॅपवर थंड. पुढे काय लिहू? लवकर सांगा.

ओवी: नंबर कोणी कोणाला दिला? सगळं त्यावर आहे.

नानासाहेब: आरएसी कन्फर्म झालं का, हे पीएनआर टाकून बघता येतं. टीसीला विचारलं असतं तर रिकामी बर्थ मिळाली असती.

पायलट: नाना, बर्थ नकोच होती! ओवी, तिनेच माझ्या फोनमध्ये नंबर टाकून स्वतःला मिस्ड कॉल दिला. अकोल्याला उतरली.

रांगडा_गडी: मग थेट कॉल कर. टायपिंगमध्ये वेळ गेला की विषय थंडावतो. नाही उचलला तर इन्स्टावर शोध, कॉलेज माहीत असेलच.

ओवी: अजिबात नको. नंबर तिने दिलाय, बाकीचं दिलेलं नाही. रस नाही हे स्पष्ट दिसत असताना पुन्हा पुन्हा संपर्क केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो पाठलाग ठरतो. पायलट, पाठवलेले मेसेज जसेच्या तसे टाक.

पायलट: 'पोहोचलात का?' – 'हो'. 'जेवण झालं?' – 'हो 🙂'. 'काय करताय?' – निळ्या टिका, उत्तर नाही. परवाची गोष्ट. तिची प्रॅक्टिकल्स चालू आहेत म्हणा.

रांगडा_गडी: हे आधी सांगायचं ना राव!

ओवी: या प्रश्नांना 'हो'च येणार. तुझी आत्या पण हेच विचारते. गाडीत ती कशावरून हसली होती?

पायलट: मी पाय पसरले की म्हणायची, 'पायांचं वेगळं तिकीट काढायला हवं होतं.' आणि शेगावला मी कचोरी आणली, तर म्हणाली खामगावची खाल्ली नाहीत तर काय खाल्लंत.

विदर्भवासी: बरोबर बोलली. खामगावचीच.

नानासाहेब: शेगावची ती शेगावची. वाद नको.

ओवी: हेच धर. प्रॅक्टिकल्स संपू दे, मग एकच मेसेज: 'परतीचं तिकीट काढतोय. पायांचं वेगळं काढू का? आणि खामगावची कचोरी कुठे खायची तेवढं सांगा.' चिडवणं तिचंच आहे, त्यामुळे ते तिला ओळखीचं वाटेल, आणि उत्तर द्यायला सोपं. मग गप्प बस. तिने उलट काही विचारलं किंवा तुला टोमणा मारला, तर गप्पा चालू आहेत असं समज. नुसता अंगठा आला तर पुढे लिहू नकोस. रात्री अकरानंतर तर नाहीच.

रांगडा_गडी: इतकं थांबून मुली मिळत नसतात. माझी बायको मला कोकण रेल्वेतच भेटली, रत्नागिरी यायच्या आत लग्नाचं विचारलं.

प्राची२: मी असते तर दुसऱ्याच दिवशी फोन करणाऱ्याला ब्लॉक केलं असतं. पण गाडीत बोलले म्हणून पुढेही बोलायचंच, असंही नसतं. तिथे रात्र काढायची होती, सोबत बरी वाटली असेल.

पायलट: पण नंबर मग कशाला दिला असता?

प्राची२: दिला तेव्हा बोलावंसं वाटलं असेल. आता वाटतंय का, ते तिलाच ठाऊक.

पायलट: प्रॅक्टिकल्स शुक्रवारी संपतात. शनिवारी पाठवू की रविवारी?

नानासाहेब: शनिवारी. आणि परतीचं कन्फर्म काढा.