मदत हवी आहे: मित्राच्या ❤️ ला कोणत्या रंगाचा बदाम पाठवू?

चिंगी_७: ऑफिसातला मित्र आहे. त्याने लाल बदाम टाकलाय. त्याचा गैरसमज नको आणि तो दुखावायलाही नको. पिवळा की निळा? पटकन सांगा, ब्लू टिक पडून गेलीय.

सुलेखा: टाकलाय म्हणजे कुठे? तुझ्या मेसेजवर रिअ‍ॅक्शन, वाक्याच्या शेवटी, की नुसता एकटा?

रावसाहेब: पिवळाच. पिवळा म्हणजे बेस्ट फ्रेंड, लाल म्हणजे त्याच्या पुढचं. ठरलेलं आहे हे.

सुलेखा: रावसाहेब, ते स्नॅपचॅटचं. तिथे दोघं एकमेकांचे पहिल्या नंबरचे मित्र झाले की अ‍ॅपच नावाशेजारी पिवळा लावतं. दोन आठवडे टिकलं की लाल. कोणी हाताने पाठवत नाही. बाकी ठिकाणी असा कायदा नाही.

गोट्या: माझ्याकडे फिका गुलाबी आला की नुसता चौकोन दिसतो. यात काही छुपा अर्थ आहे का?

सुलेखा: नाही हो. तो बदाम 2022 च्या युनिकोडमध्ये आला. फोन अपडेट करा, दिसेल.

चिंगी_७: व्हॉट्सअ‍ॅप. "फाइल मिळाली, वाचवलंस ❤️" एवढंच.

सुलेखा: हे आधी सांगायचं ना! वाक्याला चिकटलेला लाल बहुतेक वेळा आभाराचाच असतो. रिअ‍ॅक्शनचा त्याहून हलका, कारण तिथे आयत्या ओळीत बदाम एकच, तो लाल. जड पडतो तो एकटा पाठवलेला: मोठा दिसतो आणि धडधडतो. तू "चला, सुटलास 💛" असं लिही. शब्द आधी, बदाम नंतर. नुसता पिवळा पाठवलास तर मुद्दाम रंग बदलला असं वाटेल.

मनोहर_क: निळा द्या. पिवळाही गोडच वाटतो.

सुलेखा: निळा चालेल, पण काहींना तो कोरडा वाटतो. काळा मात्र नको. कोणी थट्टेत घेतं, कोणी शोकाचा समजतं.

रावसाहेब: आमच्या मावशी सगळ्यांना लालच पाठवतात, सोबत गुलाब. मग ते काय प्रेमपत्र?

सुलेखा: तेच म्हणतेय. रंगापेक्षा पाठवणाऱ्याची सवय बघायची. मावशींचा लाल म्हणजे "वाचलं". पण जो एरवी 👍 वर भागवतो, त्याचा लाल वेगळा. चिंगी, ऑफिसच्या ग्रुपवर वर जाऊन बघ, तो इतरांना काय टाकतो.

चिंगी_७: बघितलं. सगळ्यांना 🙏. लाल एकाही मेसेजला नाही.

मनोहर_क: मग निळाच.

सुलेखा: एका बदामावरून काही ठरत नाही. आज "सुटलास" एवढंच लिही, बदाम नकोच. पुढचा कामाशिवाय आला, तर इथे परत ये.