'सध्या वेळ बरोबर नाही' म्हणतो, पण फोन थांबत नाहीत. खरी अडचण की सोय?

कवडसा: आमची ओळख होऊन वर्ष होत आलं. मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाला, "तू आवडतेस, पण माझी वेळ बरोबर नाही." घटस्फोटाचं प्रकरण कोर्टात होतं, त्यात नोकरी बदलायची होती. मी समजून घेतलं आणि मागे झाले. त्यानंतरही बहुतेक रात्री फोन येतो, तासभर बोलणं होतं आणि फोन ठेवताना काहीच ठरलेलं नसतं. त्याला खोटारडा म्हणवत नाही आणि विश्वासही बसत नाही. तुम्ही काय म्हणाल?

गोटीराम: उगाच किस पाडू नका. ज्याला रस नाही तो रात्री तासभर बोलत बसत नाही. माणूस अडचणीत आहे, त्याला तुमचा आधार वाटतो. थोडं थांबा, सगळं मार्गी लागेल.

वसुधा म.: गोटीराम, रस आहे हे तुमचं बरोबर. पण रस असणं वेगळं आणि जबाबदारी घेण्याची तयारी असणं वेगळं. मी बरीच वर्षं जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते. 'वेळ बरोबर नाही' म्हणणारे बहुतेक लोक खोटं बोलत नसतात. कारण खरं असतं आणि सोयीचंही असतं. त्यामुळे कारण खरं की खोटं याचा तपास करून फारसं हाती लागत नाही. त्या कारणामुळे नेमकं काय थांबलंय आणि काय चालू आहे, ते बघा.

कोर्ट आणि नोकरी माणसाचा वेळ खातात, डोकं खातात. तसं असेल तर रात्रीच्या तासभर गप्पा आधी कमी व्हायला हव्यात. कवडसा, एखादा आठवडा नुसती नोंद ठेवा. फोन कोण करतं? बोलणं कोणाच्या दिवसाबद्दल होतं? तुम्ही दुपारी फोन केलात तर तो उचलतो का, निदान नंतर उलट करतो का? तुमचा दिवस वाईट गेला असेल तर किती वेळ ऐकून घेतो? दिवसाउजेडी भेट, मित्रांशी ओळख, पुढच्या महिन्याचा एखादा बेत हे सगळं 'अडचणी'त अडकलंय आणि त्याला मिळणारा आधार तेवढा सुरळीत चालू आहे, असं दिसलं तर अडचणीचा भार एकाच बाजूला पडतोय. खऱ्या अडचणीची झळ दोघांनाही लागते. त्यालाही काहीतरी सोडावं लागतं.

ठोकताळा: नको असताना फोन करतो म्हणजे सरळ त्रास आहे. नंबर ब्लॉक करा आणि मोकळ्या व्हा. यात चर्चा कसली?

कवडसा: अहो, नको असता तर विचारलंच नसतं. फोनची वाट बघते, तीच तर पंचाईत आहे.

एकांडा: वसुधाताई, तुमचा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. मी त्या दुसऱ्या बाजूला होतो. वडिलांचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास आणि वर जाण्यायेण्याचा वेळ. बहीण परदेशी. दिवसाउजेडी भेटणार कधी? रात्री ते झोपले की तो एक तास माझा असायचा आणि मी तिला फोन करायचो. तुमच्या वहीत मी शंभर टक्के लबाड ठरलो असतो. लोक म्हणतात, निदान तारीख तरी द्या. अशा आजारात तारीख द्यायची म्हणजे वडील कधी जातील ते सांगायचं. मी सांगणार नव्हतो.

सई_बोलते: एकांडा, तुमचं समजलं, पण ती काय करत होती त्या काळात? तुम्ही तिला कधी म्हणालात का, की तू थांबली नाहीस तरी चालेल?

एकांडा: म्हणालो होतो. एकदा नाही, बऱ्याचदा. तिने थांबायचं ठरवलं. पुढे लग्न झालं नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते इथे सांगत नाही.

वसुधा म.: एकांडा, तारखेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. घरच्या आजारपणात तारीख मागणं क्रूर आहे आणि माझी नोंद तिथे अपुरी पडते. पण तुम्ही तिला जाण्याची मोकळीक दिलीत, तीही स्पष्ट शब्दांत. ज्याला सोय हवी असते त्याच्या तोंडून नेमकं हेच निघत नाही. 'मी थांब म्हणत नाही' असं तो म्हणेल, पण तुम्ही दुसऱ्या कोणाला भेटताय असं कळलं की दुसऱ्या दिवसापासून फोन वाढतात. कवडसा, असं कधी झालंय का?

कवडसा: झालंय. घरून एक स्थळ आलं होतं, ते सहज बोलता बोलता सांगितलं. त्या आठवड्यात तो रोज, कधी दोनदा बोलला. ते बारगळलं तसे फोन पुन्हा पहिल्यासारखे, कधी येतो, कधी नाही.

गोटीराम: म्हणजे मत्सर वाटला. प्रेमाचीच खूण ना ही?

सई_बोलते: गमावण्याची भीती वाटली, एवढंच कळतं. आणि कवडसा, राग मानू नकोस, पण फोन तूही उचलतेस. तुलाही त्यातून काही मिळतंय. सगळा दोष त्याच्यावर टाकून कसं चालेल?

वसुधा म.: सई, मुद्दा बरोबर, पण उचलण्यामागे नुसता मोह नसतो. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे प्रयोग 1957 मध्ये पुस्तकरूपाने मांडले. दर वेळी दाणा मिळण्याची सवय असलेलं कबूतर दाणा बंद झाल्यावर चोच मारणं लवकर सोडतं. कधी मिळेल याचा नेम नसेल तर ते कितीतरी जास्त वेळ मारत राहतं. माणूस म्हणजे कबूतर नाही, पण रोज ठरल्या वेळी येणाऱ्या फोनपेक्षा 'आज येईल का' असा फोन जास्त जखडून ठेवतो. म्हणूनच फोन बंद करायचे ठरवून पाचव्या-सहाव्या वेळी उचलला, तर आधीपेक्षा वाईट होतं. चिवटपणा दाखवला की फोन उचलला जातो, हे त्याला कळतं आणि तुमचीही आशा पुन्हा जागी होते.

एकदा शांतपणे सांगून बघा: "तुझी अडचण मला मान्य आहे. मग हे फोनही त्यातच धरू. तुझी वेळ आली की बोल, तोवर मी मोकळी असेनच असं नाही." यानंतर तो गप्प झाला तर त्याने तुमचं ऐकलं. 'मैत्री तरी ठेवू' म्हणाला तर मैत्रीत दुपारचा फोनही येतो, तो येतो का बघा. आणि काही दिवसांनी रात्री 'आज फार वाईट दिवस गेला' असा निरोप आला, तर एकदा आला म्हणून निकाल लावू नका. घटस्फोटात माणूस खरोखर एकटा पडतो. पुन्हा पुन्हा तेच झालं तर मात्र ओळखा.

कवडसा: काल बोलले, जवळपास याच शब्दांत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, नव्या नोकरीचं प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, तेवढं होऊ दे. आधी कोर्टाचा निकाल लागू दे म्हणत होता. तो तर मागेच लागला.

गोटीराम: सहा महिने म्हणजे काही फार नाही. आणि प्रोबेशन ही खरी गोष्ट आहे, बनवलेली नाही.

वसुधा म.: खरी आहेच. पण एक कारण संपलं की त्याच्या जागी दुसरं येऊन बसतंय, हे लक्षात घ्या. या सहा महिन्यांत फोनचं काय करायचं, ते ठरलं का?

कवडसा: मी तो विषय काढायच्या आत त्यानेच विचारलं, "पण फोन तर चालू राहतील ना?"

सई_बोलते: झालं तर मग. मिळालं उत्तर.

एकांडा: मला नाही मिळालं. त्या दिवसांत मीही हेच विचारलं असतं.