मदत हवी आहे: आगीच्या कारणाबद्दल बातमीदाराला काय लिहून द्यावं?

आमच्या एमआयडीसीतल्या गोदामात काल रात्री आग लागली. बातमीदाराचा मेल आलाय: ‘शॉर्टसर्किटमुळेच ना? दोघे भाजले हे खरं का?’ संध्याकाळी सहापर्यंत उत्तर हवंय.

माझा मसुदा: ‘रात्री साडेनऊच्या सुमारास गोदामात आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली. दोन कामगारांवर रुग्णालयात उपचार सुरू आहेत. कारणाचा तपास चालू आहे. अहवाल आल्यावर माहिती देऊ.’

साहेबांना त्यात ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट’ घालायचंय. मला भीती ही, की मथळ्यात ‘अंदाज’ गळेल, कंपनीची कबुली तेवढी उरेल आणि विम्याचा सर्व्हेअर तेच कात्रण पुढे करेल. साहेबांना कसं पटवू? शिवाय डॉक्टरांशी बोलणं झालेलं नसताना ‘प्रकृती स्थिर’ लिहायचं का? मला तरी नको वाटतं.