उत्तर: विमानात प्राणवायूचा मास्क आधी स्वतःला का?

> "श्वास रोखून धरला की मिनिटभर सहज निघतं. मग आधी मुलाला मास्क लावला तर काय बिघडलं?"

नाही निघत, आणि श्वास तर मुळीच रोखू नका. उडताना केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर बसल्यासारखं. इंजिनाकडून हवा सतत आत येते आणि शेपटीकडची झडप हवी तेवढीच बाहेर सोडते. बाहेर ३५,००० फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव. विमानाला मोठं भोक पडलं की केबिनमधली हवा झपाट्याने बाहेर जाते, आणि छातीतली हवाही तितक्याच झपाट्याने फुगते. ती कोंडून धरली तर फुप्फुस फाटू शकतं, म्हणून तोंड उघडून सोडून द्यायची.

उरलेल्या हवेत प्राणवायूचा दाब इतका कमी असतो, की फुप्फुसात पोचलेल्या रक्तातूनच तो उलटा बाहेर पडतो. म्हणून पुण्यातल्यासारखं मिनिटभराचं गणित तिथे चालत नाही. शुद्ध लगेच हरपत नाही, पण हात नीट चालण्याचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. गंमत म्हणजे त्या वेळी आपलं डोकं ताळ्यावर आहे असंच वाटत राहतं.

मास्क नुसता लोंबत असताना बहुतेक विमानांत प्राणवायू सुरू होत नाही. तो खाली ओढला की वरची पिन निघते. पिशवी फुगली नाही म्हणून मास्क काढू नका, वायू येतच असतो. पुरवठा साधारण १२ ते १५ मिनिटांचा. तेवढ्यात वैमानिक १०,००० फुटांपर्यंत खाली उतरतो.